मौनाची मुदतवाढ

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस, सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे खातेप्रमुख मंडळी आपापल्या खुर्चीत स्थिरावलेली असतात, परंतु त्यांच्यावर अद्याप कोणत्याही कामाचा संस्कार झालेला नसतो अशा मंगल समयी, आमच्या रुग्णालयाच्या दफ्तरदारांकडून सर्व खात्यांना एक ई-मेल जातो. त्याचा विषय वर्षानुवर्षे एकच असतो : ‘पुढील नव्वद दिवसांत मुदत संपणारे करार, आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’. या वाक्यातील पूर्वार्ध वस्तुस्थितीचे कथन करतो आणि उत्तरार्ध श्रद्धेचे. मधल्या स्वल्पविरामाच्या पलीकडे मात्र, माझ्या अवलोकनाप्रमाणे, आजवर फारच थोडे खातेप्रमुख पोहोचलेले आहेत.

मीही त्या खातेप्रमुखांपैकीच एक आहे. रुग्णालयाचा अभिलेख विभाग माझ्याकडे असून त्या विभागाचे एकूण दोनच करार आहेत. एक झेरॉक्स यंत्राच्या देखभालीचा आणि दुसरा वाळवी व झुरळे यांच्या निर्मूलनाचा. त्यामुळे इतरांच्या करारांकडे तटस्थ बुद्धीने पाहण्यास मला पुष्कळ अवकाश मिळतो, आणि दुसऱ्याच्या दिरंगाईचे सूक्ष्म निरीक्षण करण्यात जो निर्मळ आनंद असतो, तो मी आजवर कृपणपणे एकट्यानेच भोगला. त्याचा थोडा अंश वाचकांस द्यावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

हा ई-मेल ज्या करारनोंदवहीतून जन्म घेतो, ती पूर्वी तांबड्या कापडी बांधणीचे एक लठ्ठ बाड होती. ते बाड मिटलेले असताना त्यावर चहाचा पेला ठेवता येत असे, एवढा लाभ वगळता नोंदवहीच्या संगणकावतारात काही उणे झालेले नाही. त्याच उभ्या रकान्यांत अनुक्रमांक, ठेकेदाराचे नाव, सेवेचा तपशील, संबंधित खाते, मुदतीचा आरंभ, मुदतीची समाप्ती, वार्षिक रक्कम, अनामत आणि शेरा या गोष्टी आजही नांदत आहेत. उद्वाहनांची देखभाल, जनित्राची देखभाल, कपड्यांची धुलाई, रखवाली, साफसफाई, उपाहारगृह, क्षकिरण यंत्र, प्राणवायूची नळकांडी आणि जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट असे सुमारे दीडशे करार त्या वहीत आहेत; आणि त्यांतील ज्यांची समाप्ती आजपासून नव्वद दिवसांच्या आत येते, ते चाळून दफ्तरदार आम्हांकडे पाठवितात. एरव्ही ही यादी पंचवीस-तीस ओळींची असते. परंतु आपल्या देशातील बहुसंख्य करार मार्चच्या एकतीस तारखेस देह ठेवीत असल्यामुळे जानेवारीचा ई-मेल इतका प्रदीर्घ येतो की, तो वाचण्याचा संकल्प करणे हेच नववर्षाचे एक व्रत होऊ शकेल, आणि इतर नववर्षसंकल्पांप्रमाणे तेही दुसऱ्या आठवड्यात सुटते.

आता या नव्वद दिवसांची गंमत पाहण्यासारखी आहे. ई-मेल मासिक आणि कक्षा तीन महिन्यांची, त्यामुळे प्रत्येक करार यादीत साधारणतः तीन वेळा दर्शन देतो. ही व्यवस्था ज्याने कोणी प्रथम योजिली, त्याचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. एकदा सांगून जो ऐकणार नाही त्यास दोनदा सांगावे, दोनदा सांगून जो ऐकणार नाही त्यास तिसऱ्यांदा सांगावे, इतका मनुष्यस्वभावाचा अभ्यास त्याने केला होता. परंतु जो अभ्यास करावयाचा राहिला तो असा की, आपल्याला तीनदा सांगितले जाणार आहे हे ज्यास ठाऊक असते, तो पहिल्या दोन वेळा ऐकतच नाही. नाट्यगृहातील तिसरी घंटा होईपर्यंत बाहेर बटाटेवड्याचा समाचार घेणारा प्रेक्षक पहिल्या दोन घंटांना ज्या प्रसन्न उदासीनतेने दाद देतो, त्याच वृत्तीने आमचे खातेप्रमुख पहिल्या दोन याद्यांकडे पाहतात. पहिल्या यादीच्या वेळी करारास अडीच-तीन महिने अवकाश असतो, म्हणून तो घाईचा विषय नसतो. दुसऱ्या यादीच्या वेळी मनुष्य रजेवर, तपासणीत अथवा अन्य एखाद्या कराराच्या तिसऱ्या यादीत गुंतलेला असतो. आणि तिसऱ्या यादीच्या वेळी करावयास हाती काही उरलेलेच नसते.

हे ‘काही उरलेले नसते’ म्हणजे काय, ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण खरा विनोद तेथेच दडलेला आहे. नवा ठेकेदार नेमावयाचा म्हटले म्हणजे प्रथम कामाचा तपशील लिहावा लागतो, त्यास दहा दिवस. मग दरपत्रके मागवावी लागतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत जाहीर निविदेस सामान्यतः किमान तीन आठवडे द्यावेत असे म्हटले आहे, आणि आमचे रुग्णालय धर्मादाय असले तरी तोच दंडक पाळते. त्यापुढे तुलनात्मक तक्ता आणि दराची घासाघीस यांस आठ-दहा दिवस, आणि खरेदी समिती महिन्यातून एकदाच बसत असल्यामुळे तिच्या प्रतीक्षेत आणखी वीसेक दिवस. असे एकंदर साठ दिवस सरळ मनाने आणि अखंड काम केल्यास लागतात. म्हणजे तिसरी यादी येते तेव्हा तीस दिवस शिल्लक असतात आणि काम साठ दिवसांचे असते, हे गणित आमच्या हिशेब खात्यासही उलगडते. म्हणूनच तिसऱ्या यादीवर जो निर्णय होतो तो नेहमी एकाच जातीचा असतो, आणि त्याचे नाव ‘तात्पुरती मुदतवाढ’.

उपाहारगृहाच्या ठेक्याचे उदाहरण घेऊ. या ठेकेदाराच्या चहाविषयी रुग्णालयात दोन मते नाहीत, आणि जे एकमत आहे ते छापण्यासारखे नाही. त्याचा करार संपत आला तेव्हा, तो बदलावा याविषयी सर्व खाती सहमत असल्यामुळे, कोणत्याही एका खात्यास त्याविषयी काही करण्याची आवश्यकता भासली नाही. शेवटच्या आठवड्यात भांडारप्रमुखांनी टिपण मांडले की, निविदेस अवधी नसल्याने विद्यमान ठेकेदारास पूर्वीच्याच अटींवर तीन महिन्यांची मुदतवाढ द्यावी. आणि ती मिळाली. आता सूक्ष्मपणे पाहा. तीन महिने म्हणजे आमच्या दफ्तरी नव्वद दिवस. ज्या दिवशी ही मुदतवाढ नोंदवहीत चढली, त्याच दिवशी तो करार ‘पुढील नव्वद दिवसांत मुदत संपणारा’ झाला! नूतनीकरणाचे आणि आसन्नमरणाचे असे एकाच क्षणी मीलन अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल. त्यानंतर तो करार यादीतून कधी बाहेर गेलाच नाही. तीन वेळा दिसावा, मुदतवाढ मिळावी, पुन्हा तीन वेळा दिसावा, असे त्याचे चक्र चालू राहिले, आणि यादीत कायमची ओळ म्हणून त्याची सर्वांस इतकी सवय झाली की, ती एखाद्या महिन्यास दिसली नसती तर ई-मेल अपुरा आल्याची तक्रार झाली असती. या साऱ्यात ठेकेदाराने भरलेली बँकेची हमी मात्र मूळ मुदतीबरोबर केव्हाच कालवश झाली होती, कारण मुदतवाढीच्या टिपणात कराराचा उल्लेख होता, हमीचा नव्हता. जो ठेकेदार पळून जाईल या भयाने हमी घेतली जाते, तो हमी संपल्यावर तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांनी राहत होता, ही त्याची थोरवीच म्हटली पाहिजे.

उपाहारगृहाच्या प्रकरणात निदान मुदत संपल्यावर काही करावे लागत होते. याहून अधिक सात्त्विक असा एक करारांचा वर्ग आहे, ज्यात काहीच करावे लागत नाही, आणि तोच सर्वांत महाग पडतो. आमच्या दोन उद्वाहनांच्या देखभालीचा करार १ जुलै ते ३० जून असा असून त्यातील चौदाव्या कलमात, तिसऱ्या पृष्ठाच्या तळाशी, असे लिहिलेले आहे की, समाप्तीपूर्वी किमान नव्वद दिवस कोणत्याही पक्षाने लेखी सूचना न दिल्यास हा करार पुढील एक वर्षासाठी, दहा टक्के वाढीसह, आपोआप चालू राहील. ३० जूनमधून नव्वद दिवस वजा केले की १ एप्रिल ही तारीख येते. दफ्तरदारांची यादी १ मार्चला निघते तेव्हा तिची कक्षा ३० मेपर्यंतच पोहोचते, म्हणून त्या यादीत उद्वाहने नसतात. १ एप्रिलच्या यादीची कक्षा बरोबर ३० जूनपर्यंत जाते, म्हणून उद्वाहने तीत प्रथमच झळकतात. ‘नव्वद दिवस शिल्लक’ असे त्यांच्यापुढे लिहिलेले असते, आणि त्याच सायंकाळी सूचना देण्याची मुदत संपते. त्यातच १ एप्रिल ही तारीख अशी की, त्या दिवशी आलेली कोणतीही तातडीची वार्ता सुज्ञ मनुष्य विनोद म्हणून सोडून देतो. शिवाय पहिली तारीख रविवारी आली, तर ई-मेल दोन तारखेस येतो आणि संधी दिसण्यापूर्वीच गेलेली असते. अशा रीतीने वार्षिक चार लक्ष ऐंशी हजारांचा करार पाच लक्ष अठ्ठावीस हजारांचा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी पाच लक्ष ऐंशी हजार आठशेंचा झाला, आणि उद्वाहन पूर्वीइतकेच दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या दरम्यान चिंतन करीत थांबत राहिले.

अभियंतासाहेबांस याविषयी मी एकदा छेडले. ते म्हणाले, “अहो, आम्ही कुठे होकार दिला? आम्ही तर काहीच बोललो नाही.” त्यांचे म्हणणे न्यायाच्या दृष्टीने अगदीच निराधार नव्हते. १८६२ साली इंग्लंडमध्ये फेल्टहाऊस नावाच्या एका गृहस्थांचा खटला झाला, तो कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. या काकांनी पुतण्याच्या एका घोड्याविषयी त्यास लिहिले होते की, तुझ्याकडून काही उत्तर आले नाही, तर तीस पौंड पंधरा शिलिंगांस घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. मात्र लिलाव करणाऱ्या बिंडली यांस तो घोडा लिलावातून वगळण्यास सांगितले, आणि त्यांनी अनवधानाने तोही विकून टाकला. काकांनी बिंडलींवर दावा लावला. न्यायालयाने काकांस सांगितले की, घोडा तुमचा झालाच नव्हता. दुसऱ्याच्या गप्प राहण्यास तुम्ही आपल्या मर्जीने होकार ठरवू शकत नाही. त्यानंतर दहा वर्षांनी आपल्याकडे आलेल्या १८७२ च्या करार कायद्यातही स्वीकृती समोरच्यास कळवावी लागते, हेच तत्त्व आहे. मौन हे संमतीचे लक्षण असते ते बोहल्यावर; बाजारात नव्हे.

अभियंतासाहेब हे ऐकून फार प्रसन्न झाले. परंतु त्यांची प्रसन्नता मला फार वेळ टिकवता आली नाही. कारण फेल्टहाऊसच्या पुतण्याने आपले मौन होकार समजावे असे आधी कोठेही लिहून दिलेले नव्हते, आणि आमच्या रुग्णालयाने चौदाव्या कलमाखाली गोल शिक्क्यासह नेमके तेच लिहून दिलेले होते. आपण भविष्यात गप्प राहू, अशी आगाऊ कबुलायत करून देणे आणि मग ती तंतोतंत पाळणे, एवढी वचननिष्ठा आमच्या संस्थेने अन्य कोणत्याही बाबतीत दाखविल्याचे मला स्मरत नाही. ठेकेदाराच्या वकिलाने खातेप्रमुखांचा स्वभाव आमच्या अधीक्षकांहून अधिक अचूक ओळखला होता. त्याने सारा करार आमच्या उद्योगावर न उभारता आमच्या आळसावर उभारला, आणि तो पाया आजतागायत कधी खचलेला नाही.

यादीत करार वेळेवर दिसत नाही, ही एक कथा झाली. काही करार यादीत मुळीच दिसत नाहीत, ती दुसरी. निर्जंतुकीकरणाचे मोठे यंत्र एकदा बंद पडले आणि कंपनीच्या माणसास दूरध्वनी केला, तेव्हा त्याने अत्यंत विनयाने विचारले की, आपला करार चौदा महिन्यांपूर्वीच संपला, हे आपणांस ठाऊक असेलच. ते कोणासही ठाऊक नव्हते. मेट्रनबाईंनी मुदत संपण्यापूर्वीच्या तीन महिन्यांच्या याद्या काढून दाखविल्या, त्यांत त्या यंत्राचे नाव नव्हते. नोंदवही उघडली, तर तीत ते व्यवस्थित लिहिलेले होते. दफ्तरदारांनी त्या दिवशी तक्त्यातील चाळणीचे सूत्र मला दाखविले :

```
=AND(F2>=TODAY(), F2<=TODAY()+90)
```

समाप्तीची तारीख आजची किंवा आजच्या पुढची असावी आणि नव्वद दिवसांच्या आत असावी, एवढाच त्याचा अर्थ. परंतु एका बदली कारकुनाने तारखा दिवस, महिना आणि वर्ष यांच्यामध्ये पूर्णविराम देऊन, सरकारी वळणाने, लिहिल्या होत्या. मनुष्यास ती तारीख वाटते. आमच्या संगणकास मात्र ती केवळ अक्षरे वाटतात, आणि अक्षरे ही कोणत्याही संख्येहून मोठी असतात अशी एक्सेल या ग्रंथाची धारणा आहे. म्हणून तो करार त्याच्या मते सदैव भविष्यात होता. नव्वद दिवसांच्या पलीकडे, क्षितिजासारखा. असे करार ओळखण्याची युक्तीही दफ्तरदारांनी सांगितली. रकान्याची मांडणी हाताने बदललेली नसेल, तर खरी तारीख उजव्या कडेस टेकून बसते आणि अक्षरांची तोतया तारीख डाव्या कडेस. त्यांनी रकाना वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातला, तेव्हा डाव्या कडेस टेकलेले आणखी काही महाभाग सापडले. त्यांपैकी एक माझ्या झुरळांचा होता. तो संपलेला असूनही माणूस दर महिन्यास येऊन फवारणी करीत होता, आणि झुरळेही येत होती. म्हणजे दोन्ही पक्ष कराराविनाच आपापले कर्तव्य बजावीत होते.

त्याच सूत्रात आणखी एक खोच होती. त्याच्या पहिल्या अर्धामुळे, ज्या कराराची मुदत काल संपली तो आजच्या यादीतून अदृश्य होतो. म्हणजे तीन महिने ज्याच्या नावाने हाकाटी केली, तो प्रत्यक्ष मृत झाला की त्याचे नाव घेण्याचे बंद! खातेप्रमुखांस यादी आखूड झालेली दिसते आणि काहीतरी मार्गी लागले असावे असे समाधान वाटते. पुष्कळ करारांच्या बाबतीत हे चालून जाते. झेरॉक्स यंत्राचा करार संपला म्हणून आकाश कोसळत नाही. परंतु यादीस तारतम्य नसते. जैववैद्यकीय कचऱ्याचा करारही तीत त्याच टंकात, त्याच जाडीने, झेरॉक्सच्या खाली छापलेला असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असल्यास रुग्णालयास स्वतःच्या आवारात असा कचरा नष्ट करण्याची सोय उभारता येत नाही, आणि पिवळ्या पिशवीतील शस्त्रक्रियेचे अवशेष प्रक्रियेविना अठ्ठेचाळीस तासांहून अधिक साठवता येत नाहीत. म्हणजे तेथे स्पर्धेची दरपत्रके मागविण्यास दुसरा ठेकेदार नाही, आणि मुदतवाढीचे टिपण फिरविण्यास हाती दोन दिवस आहेत. ज्या करारात निवड करावयाची नसते त्याचेच नूतनीकरण सर्वांत आधी करावे लागते, हे मेट्रनबाईंस उपजत ठाऊक होते. त्या यादीची वाट न पाहता दर वर्षी स्वतःच त्या केंद्राच्या कचेरीत जाऊन बसत. त्यांच्या या वर्तनामुळे यादीची उपयुक्तता सिद्ध होते असे अधीक्षकांचे मत पडले.

एवढ्या अनुभवानंतर दफ्तरदारांनी, जे स्वभावतः अबोल आणि निवृत्तीस टेकलेले गृहस्थ आहेत, एक क्रांती केली. ती इतकी लहान होती की तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि बहुतेक यशस्वी क्रांत्यांचे हेच रहस्य असावे. त्यांनी नोंदवहीत तीन रकाने वाढविले : सूचनेचे दिवस, पूर्वतयारीचे दिवस आणि निर्णयाची तारीख. पहिला रकाना करार वाचून भरावा लागला, आणि दीडशे करार अथपासून इतिपर्यंत वाचणारे ते रुग्णालयाच्या इतिहासातील पहिले पुरुष ठरले. तिसऱ्या रकान्यात हे सूत्र आले :

```
=F2-J2-K2
```

समाप्तीतून सूचनेचे दिवस वजा, त्यातून पूर्वतयारीचे दिवस वजा. उद्वाहनांसाठी ३० जूनमधून नव्वद आणि साठ असे दीडशे दिवस गेले, आणि निर्णयाची तारीख जानेवारीच्या अखेरीस येऊन ठेपली. यादी आता समाप्तीवरून न चाळता या तारखेवरून चाळली जाऊ लागली, त्यामुळे जूनमध्ये संपणारा करार डिसेंबरच्या पहिल्या तारखेसच आमच्या दारात उभा राहिला. मागची मर्यादाही त्यांनी काढून टाकली. मुदत उलटलेले करार, कोणी त्यांची विधिवत वासलात लावीपर्यंत, यादीच्या शिरोभागी राहू लागले. आणि ज्या तोतया तारखा पूर्वी मुकाट्याने डाव्या कडेस दडून राहत, त्यांतून नव्वद वजा करावयास गेल्याबरोबर संगणक `#VALUE!` असा आक्रोश करू लागला. गप्प बसणारी चूक बोलती करणे, याहून मोठा उपकार कोणत्याही सूत्राने मनुष्यावर केलेला नाही.

परंतु सूत्राने संगणक बोलता होतो. खातेप्रमुख होत नाहीत. नवा ई-मेल गेला, आणि त्यावर पूर्वीचीच तीन उत्तरे आली. ‘नोंद घेतली’ हे भांडारप्रमुखांचे. ‘संबंधितांनी पाहावे’ हे अभियंतासाहेबांचे, जे स्वतःच संबंधित होते. आणि ‘हा करार आमचा नाही’ हे बाह्यरुग्ण विभाग आणि प्रयोगशाळा या दोघांचे मिळून, त्यांच्या मधल्या बोळातील थंड पाण्याच्या यंत्राविषयी. उरलेल्यांनी काहीच कळविले नाही. तेव्हा दफ्तरदारांनी ठेकेदाराच्या वकिलाकडून जे शिकण्यासारखे होते ते शिकून घेतले. पुढील महिन्याच्या ई-मेलच्या तळाशी, चौदाव्या कलमाच्याच आकाराच्या टंकात, एक ओळ आली : ‘निर्णयाच्या तारखेपूर्वी खात्याचे लेखी उत्तर न आल्यास सदर सेवेची खात्यास आवश्यकता नाही असे समजून ठेकेदारास समाप्तीची सूचना देण्यात येईल.’

त्या दिवशी साडेदहा ते साडेअकरा या वेळात आमच्या रुग्णालयात जेवढा पत्रव्यवहार झाला, तेवढा त्यापूर्वीच्या वर्षात झाला नसेल. अभियंतासाहेबांनी उद्वाहनांच्या फेरनिविदेचा तपशील दुपारपर्यंत धाडला. पाण्याच्या यंत्रावर बाह्यरुग्ण विभाग आणि प्रयोगशाळा या दोहोंनी एकदमच मालकी सांगितली, आणि आजवर अनाथ असलेल्या त्या यंत्रास दोन पालक लाभले. मीही, शेजारच्या आगीत हात शेकणे पुरे करून, झुरळांविषयी एक सविस्तर टिपण लिहिले. उपाहारगृहाविषयी मात्र एकाही खात्याने अवाक्षर काढले नाही. सर्वांनी स्वतंत्रपणे आणि परस्परांस न विचारता मौन पाळले. आणि ते मौन या वेळी प्रथमच सर्वांच्या मनातले नेमके बोलले.

या प्रकरणाचा शेवट गोड झाला असे लिहून मी लेखणी खाली ठेवली असती. परंतु वार्षिक तपासणीस हिशेबतपासनीस आले. त्यांनी ई-मेलची ती शेवटची ओळ पाहिली आणि या नव्या नियमास मंजुरी कोठे आहे असे विचारले. दफ्तरदारांनी शांतपणे अधीक्षकांस पाठविलेल्या टिपणाची स्थळप्रत पुढे केली. तिच्या अखेरीस लिहिले होते : ‘आठ दिवसांत उत्तर न आल्यास मंजुरी आहे असे समजण्यात येईल.’ अधीक्षकांचे उत्तर, अर्थातच, आलेले नव्हते. तपासनीसांनी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले; त्यांना बहुधा फेल्टहाऊसचा घोडा ठाऊक असावा. मग त्यांनी शेरा लिहिला की, सदर नियमास रीतसर मंजुरी नाही, ती नव्वद दिवसांत कार्योत्तर घेण्यात यावी. दफ्तरदारांनी तो शेरा त्याच सायंकाळी नोंदवहीत चढविला. सध्या तो यादीत दुसऱ्यांदा आला आहे. संबंधित खाते, अधीक्षक.